दरडोई वाढीची रेघ: यीस्टच्या अठरा तासांतून r आणि K कसे काढायचे

इकॉलॉजीच्या पहिल्या पेपरात ‘घातांकी वाढ आणि लॉजिस्टिक वाढ यांची तुलना करा’ हा प्रश्न आला की उत्तरपत्रिकांत दोन आलेख हमखास उतरतात. एक J आकाराचा, एक S आकाराचा, खाली पाच-सहा मुद्दे. त्याला मार्कही पडतात. पण त्याच प्रश्नाखाली तासातासाच्या आकड्यांचा तक्ता देऊन ‘ही वाढ कोणत्या प्रकारची? r आणि K काढा’ असं विचारलं की ठाण्याचा वर्ग असो की वाशीचा, पेनं थांबतात. कारण J आणि S ही शेवटी दिसणारी चित्रं आहेत. S ची सुरुवात डोळ्यांना अगदी J सारखीच दिसते, आणि परीक्षेतला तक्ता बऱ्याचदा नेमका तिथेच संपतो.

म्हणून मी वर्गात आकारापासून सुरुवात करत नाही. सुरुवात करते ती एका वेगळ्याच आलेखापासून, ज्यात दोन्ही प्रकार सरळ रेघेत दिसतात. तो एकदा हाताने काढला की समीकरण पाठ करावं लागत नाही, आणि K कुठून आला हेही विसरत नाही.

फरक एका रेघेचा

समूहातल्या जिवांची संख्या N. ती दर तासाला किती वाढते हा झाला एकूण वाढीचा दर, dN/dt. त्याला N ने भागलं की मिळतो दरडोई दर, म्हणजे एका जिवामागे किती भर पडली. आता आडव्या अक्षावर N घ्या आणि उभ्या अक्षावर हा दरडोई दर. वेळ कुठेच नाही, हे लक्षात ठेवा.

घातांकी वाढीत हा दर गर्दीकडे बघतच नाही. दहा जीव असोत की दहा लाख, प्रत्येकामागे वाढ तेवढीच. हा न बदलणारा दर म्हणजे r. म्हणून आलेखावर r या उंचीला एक आडवी रेघ मिळते. लॉजिस्टिक वाढीत गर्दी वाढेल तसा दरडोई दर त्याच प्रमाणात घटतो. रेघ r पासून सुरू होते, उतरत जाते आणि एका ठिकाणी आडव्या अक्षाला टेकते. ज्या N ला ती टेकते तो K, म्हणजेच कॅरिंग कपॅसिटी किंवा धारणक्षमता. बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ साली हे समीकरण मांडलं, आणि त्याचा गाभा ही उतरती रेघच आहे:

```
घातांकी:      (1/N) dN/dt = r
लॉजिस्टिक:   (1/N) dN/dt = r - (r/K) N
```

दुसऱ्या ओळीला N ने गुणा, r बाहेर काढा. पुस्तकातलं dN/dt = rN(1 - N/K) समोर येईल. ते (1 - N/K) आकाशातून पडलेलं नाही. उतरत्या रेघेची उंची r च्या किती हिस्सा उरली आहे, तेवढंच ते सांगतं. N हा K च्या एक दशांश असेल तर दरडोई दर r च्या नव्वद टक्के, निम्मा असेल तर पन्नास टक्के, नऊ दशांश असेल तर दहा टक्के.

आकडे

कार्लसनने १९१३ साली प्रसिद्ध केलेले यीस्टच्या वाढीचे हे आकडे. पुढे रेमंड पर्ल यांनी लॉजिस्टिक वक्र दाखवायला ते वापरले आणि तेव्हापासून ते शिकवणाऱ्यांच्या हातात आहेत. N म्हणजे इथे पेशींची मोजदाद नसून यीस्टचं प्रमाण, एका ठरावीक एककात.

| तास | N | तास | N |
|---|---|---|---|
| ० | ९.६ | १० | ५१३.३ |
| १ | १८.३ | ११ | ५५९.७ |
| २ | २९.० | १२ | ५९४.८ |
| ३ | ४७.२ | १३ | ६२९.४ |
| ४ | ७१.१ | १४ | ६४०.८ |
| ५ | ११९.१ | १५ | ६५१.१ |
| ६ | १७४.६ | १६ | ६५५.९ |
| ७ | २५७.३ | १७ | ६५९.६ |
| ८ | ३५०.७ | १८ | ६६१.८ |
| ९ | ४४१.० | | |

पाचव्या तासापर्यंतचे आकडे उघडे ठेवा आणि बाकीचे हाताने झाका. ९.६ वरून ११९.१. इथे फक्त घातांकी सूत्र लावलं तर r = ln(११९.१/९.६)/५ = ०.५० येतो, दुप्पट व्हायला लागणारा वेळ ln 2/r म्हणजे जेमतेम एक तास तेवीस मिनिटं, आणि आलेख इतका नेटका दिसतो की कुणालाही शंका येऊ नये. परीक्षेत एवढाच तक्ता दिला आणि K विचारला, तर प्रामाणिक उत्तर ‘या आकड्यांतून K ठरवता येत नाही’ हेच आहे. K बद्दलची माहिती नंतरच्या तासांत आहे.

दरडोई दर काढणं

इथे एक निर्णय घ्यावा लागतो, आणि बरेच जण तो नकळत चुकीचा घेतात. पहिल्या तासात यीस्ट ९.६ वरून १८.३ झालं. भर पडली ८.७ ची. ८.७ ला ९.६ ने भागून ०.९१ असा दर लिहिणारे विद्यार्थी निम्म्याहून जास्त असतात. हा भागाकार ‘तासाअखेर एकदाच भर पडते’ असं धरतो. यीस्ट तसं वागत नाही. तासाच्या मध्यावर तयार झालेल्या पेशीही उरलेल्या वेळात वाढत असतात. सतत चालणाऱ्या वाढीचा दर लॉगॅरिथमने काढायचा: ln(१८.३/९.६) = ०.६४५. दोन्ही आकड्यांत केवढी तफावत पडली बघा. तासातासाची वाढ लहान असते तिथे हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, पण सुरुवातीला तो r पार बिघडवतो.

दुसरा प्रश्न, हा ०.६४५ कोणत्या N समोर मांडायचा? तासाच्या सुरुवातीच्या N समोर नाही, शेवटच्याही नाही. दोघांच्या सरासरीसमोर: १३.९५. दर त्या संपूर्ण तासाचा आहे, तर N ही त्या तासाच्या मधलाच हवा.

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये A2 पासून तास, B2 पासून N भरा. मग C2 आणि D2 मध्ये ही सूत्रं टाकून एकोणिसाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. विसाव्या ओळीत ओढू नका. तिच्या पुढे आकडाच नाही, त्यामुळे एरर येईल.

```
C2:  =LN(B3/B2)/(A3-A2)
D2:  =(B2+B3)/2
```

मिळालेल्या अठरा जोड्यांपैकी काही इथे देते. N १३.९५ ला दर ०.६४५. N ९५.१ ला ०.५१६. N ३०४ ला ०.३१०. N ४७७ ला ०.१५२. N ६१२ ला ०.०५७. N ६६०.७ ला ०.००३. आकडे बघताच कळतं की रेघ आडवी नाही, उतरती आहे. ‘ही वाढ कोणत्या प्रकारची’ या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं, S काढायची गरजही पडली नाही.

रेघ काढायची आणि दोन ठिकाणी वाचायची

आलेखकागदावर हे अठरा ठिपके मांडले की डावीकडचे ठिपके इकडे-तिकडे विखुरलेले दिसतात. तिसऱ्या ते चौथ्या तासात दर ०.४१० आहे आणि लगेच पुढच्या तासात ०.५१६. यीस्टला अचानक हुरूप आला असं नव्हे. N लहान असताना मोजण्यातली छोटी चूकही भागाकारात मोठी होऊन बसते. उजवीकडचे ठिपके मात्र आडव्या अक्षालगत, ६४० ते ६६० च्या आसपास दाटीवाटीने बसतात. म्हणून या आकड्यांतून K भरवशाने निघतो, r थोडा सैल निघतो. हे वाक्य उत्तरात लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही आलेख खरोखर पाहिला आहे.

शीटमध्ये रेघ बसवायला तीन सूत्रं पुरतात:

```
F1:  =INTERCEPT(C2:C19,D2:D19)
F2:  =SLOPE(C2:C19,D2:D19)
F3:  =-F1/F2
```

F1 मध्ये ०.५४ येतो. हा r, रेघ उभ्या अक्षाला जिथे कापते ती उंची. F2 मध्ये −०.०००८१४, म्हणजे रेघेचा उतार. समीकरणाप्रमाणे तो −r/K असायला हवा. आणि F3 मध्ये ६६४. हा K. सूत्रात आधी C आणि मग D आहे, कारण एक्सेलला उभ्या अक्षावरचे आकडे आधी लागतात. अदलाबदल केलीत तर F1 मध्येच साडेसहाशेच्या घरातला आकडा येतो, आणि तो कुणी r म्हणून लिहिणार नाही अशी आशा आहे.

परीक्षेत एक्सेल नसतो. तिथे बहुतेक जण तक्त्यातले कोणतेही दोन ठिपके उचलतात आणि त्यांतून रेघ ओढतात. करून बघू. (९५.१, ०.५१६) आणि (३०४, ०.३१०) घेतले. उतार = (०.३१० − ०.५१६)/(३०४ − ९५.१) = −०.०००९८६. r = ०.५१६ + ०.०००९८६ × ९५.१ = ०.६१. K = ०.६१/०.०००९८६, म्हणजे सुमारे ६१८. गणितात चूक नाही, तरी उत्तर चुकलं. कसं कळलं? तक्त्यातच यीस्ट ६६१.८ पर्यंत गेलं आहे. जी धारणक्षमता समूहाने आरामात ओलांडली आणि त्यानंतरही तो वाढतच राहिला, ती धारणक्षमता नव्हे. दोष त्या ०.५१६ च्या उडालेल्या ठिपक्याचा. त्यापेक्षा पारदर्शक पट्टी सगळ्या ठिपक्यांच्या मधून जाईल अशी ठेवायची, रेघ ओढायची, आणि रेघेवरचे एकमेकांपासून लांब असलेले दोन बिंदू वाचायचे. रेघेवरचे, ठिपक्यांचे नाही.

उलट तपासणी

r आणि K मिळाले की ते सूत्रात घालून मूळ आकडे परत येतात का ते बघायचं. वेळेनुसार N देणारं सूत्र असं:

```
N(t) = K / (1 + ((K - N0)/N0) * e^(-rt))
```

N0 = ९.६, K = ६६४, r = ०.५४. आधी (६६४ − ९.६)/९.६ = ६८.१७ हा आकडा एकदाच काढून बाजूला लिहून ठेवा, तो प्रत्येक वेळी लागतो. पाचव्या तासाला e^(-rt) ची किंमत ०.०६७२, तिला ६८.१७ ने गुणून १ मिळवले की ५.५८, ६६४ ला त्याने भागून ११९. प्रत्यक्ष ११९.१. नवव्या तासाला सूत्र ४३४ देतं, प्रत्यक्ष ४४१. अठराव्याला सूत्र ६६१, प्रत्यक्ष ६६१.८. पहिल्या तासाला मात्र सूत्र १६.३ म्हणतं आणि यीस्ट १८.३ आहे. तोच डावीकडचा सैलपणा इथेही दिसतो.

आता त्याच r ने घातांकी सूत्र चालवा, N = N0 e^(rt). पाचव्या तासाला १४३, अजून फार बिघडलेलं नाही. नवव्या तासाला १,२३९, प्रत्यक्षाच्या जवळजवळ तिप्पट. अठराव्या तासाला सुमारे एक लाख साठ हजार, आणि भांड्यात यीस्ट ६६१.८. तुलनेचा मुद्दा ‘घातांकी वाढ अमर्याद, लॉजिस्टिक मर्यादित’ असा नुसता लिहिण्यापेक्षा हे तीन आकडे लिहा.

K/2 चा घोळ

दर वर्षी सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे. ‘N = K/2 असताना वाढ सर्वांत वेगवान असते’ हे वाक्य खरं आहे, पण ते एकूण वाढीबद्दल आहे. दरडोई वाढ तेव्हा सर्वांत जास्त नसते; ती तर आधीच निम्म्यावर आलेली असते.

यीस्टकडेच बघा. पहिल्या तासात दरडोई दर ०.६४५, सगळ्यात जास्त; पण वाढणारे थोडे, म्हणून भर फक्त ८.७ ची. सातव्या ते आठव्या तासात दरडोई दर निम्म्याहून खाली, ०.३१०, पण वाढणारे तीनशेच्या वर, म्हणून भर ९३.४ ची, अख्ख्या तक्त्यातली सर्वाधिक. शेवटच्या तासात वाढणारे ६६०, दर ०.००३, भर २.२. एका बाजूला वाढणाऱ्यांची संख्या चढते, दुसऱ्या बाजूला प्रत्येकामागचा दर उतरतो, आणि दोघांचा गुणाकार मध्ये कुठेतरी शिखर गाठतो. ते शिखर नेमकं K/2 ला, इथे ३३२ ला असतं आणि त्याची उंची rK/4 असते: ०.५४ × ६६४/४ = ९०, दर तासाला. सूत्राप्रमाणे हा क्षण ln(६८.१७)/०.५४ म्हणजे ७.८ तासांनी येतो. आपली ९३.४ ची भर नेमकी सातव्या आणि आठव्या तासाच्या मध्ये आहे. S वक्राचं वळण बदलतं ती जागाही हीच.

म्हणून उत्तरात तीन छोटे आलेख काढा, प्रत्येकाचे अक्ष लिहून. N विरुद्ध वेळ: J आणि S. दरडोई दर विरुद्ध N: आडवी रेघ आणि उतरती रेघ. एकूण दर विरुद्ध N: घातांकीसाठी चढत जाणारी सरळ रेघ, लॉजिस्टिकसाठी K/2 ला शिखर असलेली कमान, जी शून्यातून निघून K ला पुन्हा शून्यावर उतरते. अक्षांवर नावं नसतील तर ही तीन चित्रं एकमेकांत मिसळतात आणि तपासणाऱ्याला तुमच्या मनात काय होतं ते कळायला मार्ग उरत नाही.

K ला काय म्हणू नये

‘K म्हणजे जास्तीत जास्त संख्या’ असं सरसकट लिहू नका. समीकरणात N हा K च्या वर जाऊ शकतो. मग (1 - N/K) ऋण होतो आणि संख्या खाली येते. N = ८०० घातलं तर dN/dt = ०.५४ × ८०० × (१ − ८००/६६४), म्हणजे तासाला साधारण ८८ ची घट. K हा समतोलाचा बिंदू आहे, दोन्ही बाजूंनी त्याच्याकडेच ओढ असते. तिथे जन्म थांबत नाहीत. जन्म आणि मृत्यू सारखे होतात.

शिवाय K हा यीस्टचा जातिगुण नाही. तो त्या भांड्याचा, त्या द्रावणाचा, त्या तापमानाचा आहे. साखर संपली की वाढ थांबते असं विद्यार्थी बिनधास्त लिहितात, पण बंदिस्त भांड्यात साखर शिल्लक असतानाही साठत गेलेलं अल्कोहोल यीस्टची वाढ रोखू शकतं. रेघ उतरली म्हणजे गर्दी नडते आहे एवढंच सिद्ध होतं. काय नडतं आहे हे रेघ सांगत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग लागतो.

खाडीतले फ्लेमिंगो इथे आणू नका

स्थानिक उदाहरण द्या म्हटलं की ठाणे-नवी मुंबईतला प्रत्येक दुसरा पेपर फ्लेमिंगोंकडे वळतो. साहजिकच आहे. ऐरोलीहून पूल ओलांडताना ते दिसतात, खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मग उत्तरात येतं: हिवाळ्यात संख्या वाढते, उन्हाळ्यात स्थिरावते, म्हणून लॉजिस्टिक वाढ.

एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, “मॅडम, आकार तर S चाच येतो ना?” येतो. पण ते पक्षी इथे घरटी करत नाहीत. त्यांच्या विणीची जागा कच्छच्या रणाकडे आहे. खाडीत ते चरायला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. खाडीतली वाढ आगमनाची आहे, जन्मांची नाही. तिथे दरडोई दर काढला तर ‘एका फ्लेमिंगोमागे किती फ्लेमिंगो उडत आले’ असा काहीतरी निरर्थक आकडा मिळतो. लॉजिस्टिक समीकरण बंदिस्त समूहासाठी आहे, स्थलांतर वगळून. खाडी किती पक्ष्यांना चारू शकते हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर चिखलातल्या अन्नाच्या मोजणीतून काढावं लागेल, पक्ष्यांच्या संख्येच्या वक्रातून नाही.

जिथे रेघच फसवते

उत्तराच्या शेवटी मॉडेलच्या मर्यादा विचारतात. पाठ केलेल्या यादीपेक्षा एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवा. बेरिंग समुद्रातल्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले गेले. बेटावर शिकारी प्राणी नव्हते, जमिनीवर दगडफुलासारख्या लायकेनचा जाड थर होता. १९५७ मध्ये ते सुमारे १,३५० झाले, १९६३ मध्ये सुमारे ६,०००. त्यानंतरचा हिवाळा फार कडक गेला, आणि १९६६ च्या मोजणीत उरले ४२.

आपलीच पद्धत यावर चालवू. पहिल्या तेरा वर्षांचा दरडोई दर ln(१३५०/२९)/१३ = ०.२९५. पुढच्या सहा वर्षांचा ln(६०००/१३५०)/६ = ०.२४९. दोनच ठिपके आहेत आणि तेही लांब पल्ल्याच्या सरासरीचे, त्यामुळे हिशेब ढोबळ. पण त्यांतून रेघ ओढली तर ती आडव्या अक्षाला साडेएकोणीस हजारांच्या आसपास टेकते. म्हणजे १९६३ साली पट्टी-पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाने अजून तेरा हजारांना जागा आहे असं सांगितलं असतं. तीन वर्षांत बेट जवळजवळ रिकामं झालं.

रेघ का फसली? लॉजिस्टिक मॉडेल दोन गोष्टी गृहीत धरतं. गर्दीचा परिणाम त्याच क्षणी दरावर होतो, आणि K जागचा हलत नाही. रेनडिअर लायकेनचा साठा खात होते, जो त्यांच्या वेगाने परत उगवत नाही. साठा होता तोवर दरडोई दर फारसा उतरला नाही, म्हणून रेघेला संकटाचा पत्ता लागला नाही. आणि तोवर चराईने खुद्द K खाली आणला होता. यीस्टच्या तक्त्यात अशी अडचण दिसत नाही, कारण तिथे गर्दीचा चिमटा तासाभरात जाणवतो. आकडे हातात आले की आधी हे विचारा: या जिवाला गर्दी किती लवकर बोचते?

स्वतःचे आकडे हवे असतील तर

प्रॅक्टिकलसाठी यीस्ट मोजायला सूक्ष्मदर्शक आणि हिमोसायटोमीटर लागतो. घरी लेम्ना जास्त सोपी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी ती मसुराएवढी हिरवी पानं. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळते. तलावातून आणलीत तर तिच्यासोबत गोगलगायी येतात आणि त्या तुमचा डेटा खातात, म्हणून प्रत्येक पान धुऊन घ्या. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पाणी, त्यात चिमूटभर पाण्यात विरघळणारं खत, खिडकीजवळ जागा, सुरुवात दहा पानांनी. रोज ठरावीक वेळी पानं मोजायची, आणि जोडाला चिकटलेलं छोटं पान दिसू लागलं की ते मोजायचं की नाही हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहून तोच पाळायचा. मध्येच नियम बदलला की दरडोई दरात खोटी उडी दिसते.

इथे K ठरतो तो मुख्यतः पृष्ठभागाने. डबा भरत आला की पानं एकमेकांवर चढतात आणि मोजणी कमी भरते, त्यामुळे रेघ खऱ्या K च्या आधीच अक्षाला टेकल्यासारखी दिसते. या टप्प्यावर डब्याचा वरून फोटो काढून छापलेल्या फोटोवर पेनाने टिंबं देत मोजणं बरं, आणि खालच्या थरातली पानं चमच्याने हलवून वेगळी मोजायची. पाणी रोज आटतं ते खुणेपर्यंत भरत राहा, नाहीतर खताची तीव्रता वाढत जाते आणि तुमचा K रोज थोडा सरकतो. दोन वेगवेगळ्या तोंडांचे डबे एकाच खिडकीत ठेवलेत, दोन्हींत खताचं प्रमाण सारखंच ठेवलंत आणि पृष्ठभाग हीच मर्यादा असेल, तर दोन्ही रेघा जवळपास एकाच r पासून निघतात आणि रुंद डब्याची रेघ उजवीकडे लांबवर जाऊन टेकते. तशा टेकल्या नाहीत, तर आधी दुसऱ्या डब्यावर सावली पडते आहे का ते बघा.